महिन्याच्या फोटो डंपला कॅप्शन कसं लिहायचं, माझ्या जुलैचं उदाहरण धरून

जुलै २०२५ च्या शेवटच्या रात्री मी इन्स्टावर नऊ फोटो निवडून बसले होते आणि कॅप्शनच्या जागी काय टाकायचं तेच सुचेना. मग सगळे लिहितात तेच लिहिलं, ‘जुलै, तू खूप काही दिलंस, छोट्या छोट्या क्षणांसाठी मनापासून आभार’, पुढे छत्रीचा इमोजी. टाकायच्या आधी एकदा वाचलं तेव्हा कळलं की हे मार्चमध्येही चाललं असतं, माझ्या मामेबहिणीच्या अकाउंटवरही चाललं असतं, आणि छत्री काढली की डिसेंबरलाही चाललं असतं. फोटो माझे होते पण कॅप्शन कुणाचंही होतं.

मग ते खोडून नीट लिहिलं, त्याला साधारण पाऊण तास गेला, आणि तेव्हापासून दर महिन्याला मी त्याच पद्धतीने लिहिते. ज्यांनी आत्ताच महिन्याचे डंप टाकायला सुरुवात केलीये आणि फोटो निवडून झाले की अडतात, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे लिहितीये. उदाहरण सगळं त्याच जुलैचं, मी ठाण्यात राहते, ऑफिस दादरला, त्यामुळे लोकल, पाऊस आणि न वाळणारे कपडे एवढंच माझं विश्व, समजून घ्या.

आधी नोंदी, आणि नोंदी नसतील तर यूपीआय

कॅप्शन महिन्याच्या शेवटी लिहायचं असलं तरी त्याचं सामान महिनाभर गोळा करावं लागतं, कारण फोटो दिसणं तेवढं जपून ठेवतो. त्या वस्तूला किती पैसे दिले, तेव्हा कोण काय म्हणालं, वास कसला येत होता, हे दहा दिवसांत डोक्यातून जातं. मी यासाठी वेगळं ॲप वगैरे घेतलेलं नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करता येतो ना, तिथेच टाकते. एक ओळ, कधी अर्धीच. जुलैतली एक नोंद अशी होती: ‘५ जुलै. कूट संपलं. वाण्याकडे पण नाही. शेजारच्या काकू. स्टीलची वाटी.’ बस, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती, साबुदाणा भिजत घातलेला आणि घरात दाण्याचं कूट नाही, हे सगळं त्या चार तुकड्यांवरून मला महिन्याने परत आठवलं.

नोंद करताना ‘आज खूप छान वाटलं’ असं लिहू नका, त्याचा नंतर काही उपयोग होत नाही, कारण तीस तारखेला वाचताना का छान वाटलं तेच आठवत नाही. त्याऐवजी वस्तू, आकडा किंवा कुणाचं तरी बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. बोललेलं वाक्य मिळालं तर सोनंच, ते बदलू नका, व्याकरण सुधारू नका.

आणि महिनाभर काहीच लिहिलं नसेल (पहिल्या वेळी तसंच होणार) तर तीन जागा शोधा. गॅलरीत फोटोवर तारीख आणि वेळ असते. यूपीआयच्या ॲपमध्ये पेमेंटची यादी असते, ती म्हणजे खरं तर आपली डायरीच आहे, १८ तारखेला संध्याकाळी ६० रुपये कुणाला दिले हे बघितलं की स्टेशनबाहेरची भाजीवाली मावशी आठवते. आणि तिसरं म्हणजे फॅमिली ग्रुप, तिथे आपण स्वतःच काहीतरी लिहिलेलं असतं जे इन्स्टावर लिहिताना आठवतच नाही, आणि बऱ्याचदा ते जास्त चांगलं असतं, कारण तिथे आपण छान लिहायचा प्रयत्न करत नसतो.

फोटो कमी करायचे, आणि त्यासाठीची चाचणी

इन्स्टावर कॅरोसेल आलं २०१७ मध्ये, तेव्हा दहा फोटोंची मर्यादा होती, २०२४ मध्ये ती वीस झाली. वीस टाकता येतात म्हणून वीस टाकू नका. नव्या माणसाने सहा ते आठ टाकावेत असं माझं मत आहे, कारण प्रत्येक फोटोला एक ओळ लिहायची आहे आणि वीस ओळी कोण वाचतं, मी पण नाही वाचत.

कुठले ठेवायचे हे कसं ठरवायचं? फोटोकडे बघा आणि स्वतःला विचारा, यात जे दिसत नाही असं काय मला माहितीये. उत्तर आलं तर फोटो राहतो. नाही आलं तर तो कितीही सुंदर असो, तो स्टोरीला टाका नाहीतर राहू द्या. माझ्या नऊमधला सगळ्यात देखणा फोटो येऊरचा होता, हिरवागार डोंगर, खाली उतरलेले ढग, अगदी वॉलपेपर. मी दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसले आणि ‘येऊर हिरवं झालं’ याच्या पुढे काही सुचलं नाही, आणि ते तर फोटोतच दिसत होतं. काढला. दुसरा कॉफीचा, वर फेसाचं पान काढलेलं, त्यात तर मला कॉफी कुठे प्यायली ते पण आठवेना. तोही गेला. उरले सात.

या चाचणीमुळे एक गंमत होते, की खराब फोटो टिकतात. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा सेल्फी काढला होता, त्यात फक्त कपाळ आणि मागचा पंखा आलाय. एरवी मी तो टाकला नसता. पण त्याच्यावर लिहायला सगळ्यात कमी वेळ लागला.

एका फोटोला एक ओळ, तीन प्रयत्नांत

आता मुख्य काम. फोटोत जे दिसतंय ते कॅप्शनमध्ये परत सांगायचं नाही, हा एकच नियम मी पाळते. ऐकायला सोपा आहे पण हात आपोआप वर्णनाकडेच जातो, म्हणून एक ओळ कशी घडली ते पूर्ण दाखवते.

फोटो होता करटोल्यांचा, ठाणे स्टेशनबाहेर पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, आणि जुलैत करटोली येतात. निळ्या प्लॅस्टिकवर हिरवे काटेरी वाटे लावलेले, असा फोटो. पहिला प्रयत्न मी लिहिला ‘पावसाळी भाज्यांची मजाच वेगळी’. हे बाद, कारण यात ना मी आहे ना ती बाई, हे वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं वाक्य आहे. दुसरा प्रयत्न, ‘करटोली, ६० रुपये वाटा’. हे बरं आहे, आकडा आला, आणि खोटं काही नाही, पण अजून नुसती माहिती आहे, आनंद कुठाय? मग व्हॉट्सॲपची नोंद काढली, तिथे मावशीचं वाक्य होतं. तिसरा प्रयत्न:

‘घासाघीस करणार होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या “काट्याकुट्यात हात घालून काढतो ताई”. गपचूप ६० दिले.’

यात करटोली हा शब्दच नाही, कारण तो फोटोत आहे. आनंद हा शब्दही नाही. जो करटोली ओळखतो तो हसतो, जो ओळखत नाही तो खाली विचारतो ही कसली भाजी, आणि मग तिथे तीन लोक रेसिपी सांगायला धावून येतात. फोटोतलं परत सांगायचं नाही याचा हा फायदा, बघणाऱ्याला फोटो आणि ओळ जोडायचं थोडंसं काम उरतं, आणि ते काम करायला लोकांना आवडतं.

कणकेच्या दिव्यांची ओळ अशीच झाली. २४ जुलैला दिव्याची अवस होती, आईने गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून दिवे केले, उकडले, ताटात पितळी समया आणि निरांजनांच्या मध्ये मांडले, आणि मी फोटो काढला. पहिल्यांदा मी लिहिलं होतं ‘आपल्या परंपरा आपली ओळख’. लाज वाटते सांगायला पण लिहिलं होतं. मग फोटोत नीट मोजलं, सहा दिवे. आईने आठ केले होते. माझा पाच वर्षांचा भाचा ताटाच्या शेजारी बसलेला होता. झालं की मग, ओळ तयार: ‘आठ केले होते. ताटात सहा आहेत. भाचा म्हणतो त्याला माहीत नाही.’

म्हणजे करायचं काय, तर फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं काय झालं ते आठवायचं. गोष्ट बहुतेक वेळा तिथेच असते. फोटो काढतो तेव्हा सगळे नीट बसलेले असतात.

सगळ्याच ओळी अशा जमून येत नाहीत. लोकलच्या खिडकीचा फोटो होता, काचेवर थेंब वगैरे, त्याला मी चार प्रयत्न केले, शेवटी ‘खिडकी मिळाली. पाऊस आत यायला लागला म्हणून शटर खाली. तरी खिडकी ती खिडकी’ इथे थांबले. ठीक आहे. सातातल्या दोन ओळी साध्या असल्या तरी चालतं, उलट सगळ्याच ओळी चुरचुरीत असल्या तर कॅप्शन स्टँडअपसारखं वाटायला लागतं आणि तुम्ही महिनाभर विनोदच गोळा करत होतात की काय असं वाटतं.

फोटो नसलेला एक

हे मला उशिरा सुचलं पण आता मी दर महिन्याला करते. महिन्यातली एखादी गोष्ट अशी असतेच जिचा फोटो काढलाच नाही, कारण तेव्हा हात मोकळे नव्हते किंवा फोटो काढावा असं मनातच आलं नाही. ती शेवटी लिहा, सरळ ‘फोटो नाही:’ असं लिहून. जुलैत एका रात्री लाइट गेली आणि दीड तास अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन उभी होती, समोरासमोरच्या मजल्यांवरून गप्पा, कुणीतरी भेंड्या पण सुरू केल्या. मोबाइलची बॅटरी जपून ठेवायची म्हणून कुणीच फोटो काढला नाही. पोस्ट टाकल्यावर सगळ्यात जास्त लोक याच ओळीवर बोलले.

पण एकच हं. तीन-चार ‘फोटो नाही’ टाकले की मग फोटोंना काही अर्थ राहत नाही.

पहिली ओळ सगळ्यात शेवटी लिहायची

इन्स्टाचं कॅप्शन २२०० कॅरेक्टरपर्यंत जातं, मराठीत साधारण साडेतीनशे शब्द, तेवढं आपल्याला लागतच नाही. खरी अडचण दुसरी आहे. फीडमध्ये कॅप्शन साधारण १२५ कॅरेक्टरनंतर कापलं जातं आणि पुढे …more दिसतं. त्यात देवनागरीचा घोळ असा की आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते आत सुटं सुटं साठवलेलं असतं, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं पण ते आत सहा तुकडे आहेत. त्यामुळे रोमन लिपीतल्या मैत्रिणीची जेवढी मोठी ओळ दिसते तेवढी आपली दिसेलच असं नाही. मोजत बसू नका, पहिलं वाक्य सात-आठ शब्दांत संपवा म्हणजे प्रश्नच येत नाही.

आणि एक. कॅरोसेल न सरकवता एखादा माणूस फीडमध्ये पुढे गेला तर इन्स्टा कधीकधी तेच पोस्ट त्याला परत दाखवतं आणि तेव्हा दुसऱ्या स्लाइडवरून सुरू करतं. म्हणजे तुमची पहिली ओळ ही फक्त पहिल्या फोटोला चिकटलेली असेल, उदाहरणार्थ ‘ही बघा’ किंवा ‘या मावशी’, तर त्या माणसाला समोर छत्री दिसणार आणि ओळीत मावशी, काही टोटल लागणार नाही. म्हणून पहिली ओळ अशी हवी की कुठल्याही फोटोखाली उभी राहील.

मी काय करते, सगळ्या ओळी लिहून झाल्या की त्यातली सगळ्यात विचित्र ओळ उचलते आणि तिचा अर्धा भाग वर नेते. पूर्ण नाही, अर्धा. जुलैला मी वर लिहिलं ‘जुलै. दोन दिवे कमी आहेत.’ बस, एवढंच. वाचणाऱ्याला वाटतं दिवे म्हणजे बल्ब, कशाचे दिवे, मग तो …more दाबतो आणि खाली भाचा सापडतो. यात फसवाफसवी नाही, जे वर म्हटलंय ते खाली मिळतं. ‘शेवटचा फोटो बघून धक्का बसेल’ असलं काही लिहू नका, बाबांचं कपाळ बघून कुणालाही धक्का बसत नाही.

महिन्याचं नाव मात्र पहिल्या ओळीत ठेवा, दोन वर्षांनी प्रोफाइल खाली सरकवताना त्याचा उपयोग तुम्हालाच होतो.

जोडणी

क्रम तारखेप्रमाणे लावायची गरज नाही. मी मोठी ओळ, छोटी ओळ असं आलटून पालटून लावते, आणि सणाचे दोन फोटो लागोपाठ आले तर मध्ये वाळत घातलेले कपडे घालते, नाहीतर तो डंप न राहता सणवाराचं कॅलेंडर होतं. फोटोंचा क्रम आणि ओळींचा क्रम एकच हवा आणि आकडे घाला, म्हणजे बघणारा सरकवत सरकवत वाचू शकतो. पूर्ण झालेलं कॅप्शन असं होतं:

जुलै. दोन दिवे कमी आहेत.

१. घासाघीस करणार होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या “काट्याकुट्यात हात घालून काढतो ताई”. गपचूप ६० दिले.
२. ही छत्री माझी नाही. माझी कुणीतरी नेली, ही त्या कुणाची तरी. चार दिवसांनी दोघी आपापल्या घरी.
३. एकादशीच्या आदल्या रात्री कूट संपलं, वाण्याकडेही नाही. शेजारच्या काकूंनी वाटीभर दिलं. वाटी खिचडी भरून परत गेली.
४. मंगळवारी धुतलेली जीन्स. शुक्रवारी वाळली. पंखा पाचवर.
५. आठ केले होते. ताटात सहा आहेत. भाचा म्हणतो त्याला माहीत नाही.
६. खिडकी मिळाली. पाऊस आत यायला लागला म्हणून शटर खाली. तरी खिडकी ती खिडकी.
७. बाबांचा पहिला सेल्फी. कपाळ छान आलंय.

फोटो नाही: लाइट गेली आणि अख्खी बिल्डिंग दीड तास गॅलरीत.

बघा, यात ‘छोटे आनंद’ हे शब्द कुठेच नाहीत, ‘क्षण’ नाही, ‘आठवणी’ नाही, आणि जुलैने मला काय शिकवलं तेही नाही. जुलैने मला काही शिकवलं नाही, फक्त कपडे वाळू दिले नाहीत.

हे सगळं थेट इन्स्टाच्या बॉक्समध्ये लिहू नका, नोट्समध्ये लिहा आणि मग पेस्ट करा, कारण मध्येच फोन आला किंवा ॲप बंद पडलं की पाऊण तास पाण्यात. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर जीबोर्डला मराठी भाषा जोडून घ्या, रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी होतं, फक्त तो ‘करटोली’सारख्या शब्दांचं काहीतरी भलतंच करून ठेवतो, म्हणून पेस्ट करायच्या आधी एकदा वाचा.

करटोल्यांचा ढीग, निळं प्लॅस्टिक, पितळी समई, हे जे वर्णन आपण कॅप्शनमधून काढून टाकलं, त्याला एक हक्काची जागा आहे, अल्ट टेक्स्ट. पोस्ट करतानाच्या सेटिंगमध्ये तो पर्याय मिळतो, तिथे प्रत्येक फोटोत काय दिसतंय ते साध्या शब्दांत लिहिलं की ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात त्यांनाही तुमचा ‘ताटात सहा आहेत’ हा विनोद कळतो. नाहीतर त्यांना नुसते सुटे सुटे टोमणे ऐकू येणार.

कुठे गडबड होते

सगळ्यात जास्त वेळा होते ती आकड्यांची. शेवटच्या मिनिटाला एक फोटो काढता आणि ओळ तशीच राहते, मग दिव्यांखाली जीन्स. पोस्ट झाल्यावर नंतर एखादी स्लाइड डिलीट केली तरी हेच होतं, फोटो जातो आणि ओळ राहते, ती एडिट करून हातानेच काढावी लागते. टाकायच्या आधी एकदा बोट ठेवून मोजा, शाळेत वहीची पानं मोजायचो तसं.

दुसरी गडबड म्हणजे फक्त दोघींना कळणारी ओळ. ‘तुला माहितीये कोण’ टाइप. एखादी चालते, पण तीन झाल्या की बाकीच्यांना आपण चुकून दुसऱ्याच्या चॅटमध्ये शिरलो असं वाटतं. कशी ओळखायची? कॅप्शन अशा माणसाला वाचून दाखवा जो त्या महिन्यात तुम्हाला भेटलेला नाही. त्याने दोनदा ‘म्हणजे?’ विचारलं तर दोन ओळी सुधारायच्या.

तिसरी जरा नाजूक आहे. छोटे साधे आनंद म्हणून सुरू करायचं आणि चौथ्या स्लाइडला नवी गाडी. गाडीचं कौतुक करा ना, वेगळं पोस्ट टाका, पेढे द्या, पण करटोल्यांच्या शेजारी गाडी लावली की करटोली नुसती सजावट होते आणि लोकांना ते लगेच कळतं.

महिना वाईट गेला असेल तर काय, हा प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला होता, तिचा महिना खरंच दवाखान्याच्या फेऱ्यांत गेला होता. तिला मी एवढंच सांगितलं की पहिल्या ओळीत तसं सरळ लिही, ‘ऑक्टोबर. बराचसा दवाखान्यात गेला’, आणि मग जे चार फोटो आहेत त्यांच्या ओळी नेहमीसारख्या लिही. मध्ये ‘तरीही’ किंवा ‘पण आयुष्य सुंदर आहे’ घालू नकोस. तिने कँटीनमधल्या चहाच्या कपाला लिहिलं होतं ‘तिसऱ्या दिवसापासून न सांगता कमी साखर’. त्यावर मी काही सुचवण्यासारखं उरलंच नव्हतं.

आणि टाकायच्या आधी फोटो झूम करून बघा, कॅप्शन लिहिण्याच्या नादात हे राहतं. माझ्या करटोल्यांच्या फोटोत मावशींचा क्यूआर कोड आला होता, त्यावर त्यांचं पूर्ण नाव. तो कापला. चेहरा घ्यायचा असता तर विचारून घेतला असता, त्यांच्याकडे इन्स्टा नाही म्हणून त्यांना चालतं असं नसतं. भाच्याच्या युनिफॉर्मवरचं शाळेचं नाव, रेल्वे पासचा नंबर, ऑफिसच्या आयकार्डची दोरी, हे असंच आत येतं. आणि कॅप्शनमध्ये कुणाचं बोलणं टाकताय तर त्या माणसाला कळलं तर तो हसेल की खट्टू होईल, एवढा विचार करायचा. बाबांना मी कपाळाची ओळ आधी दाखवली होती, ते म्हणाले ‘पंखा पण स्वच्छ दिसतोय’.

नावं शक्यतो नकोत, ‘शेजारच्या काकू’ पुरतं. आमच्या काकू इन्स्टावर आहेत हे मात्र मी विसरले होते. पोस्ट टाकून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर खाली त्यांची कमेंट: ‘खिचडी छान होती, पण वाटी आमची नव्हती.’ स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर त्यांची स्टीलची वाटी आमच्या तांदळाच्या डब्यात, महिनाभर आम्ही तिने तांदूळ मोजत होतो. मग वरच्या तीन टिंबांवर जाऊन एडिट केलं, आणि तिसरी ओळ आता अशी आहे: ‘वाटी खिचडी भरून परत गेली, फक्त ती दुसरीच होती.’